गुडघ्याचं पाणी आधी डोळ्यांनी बघा, स्टेरॉइडचा निर्णय नंतर

प्रश्न: सर, मी जत भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. सुजलेले गुडघे आणि जखडलेले खांदे रोज येतात. पाणी काढणं, स्टेरॉइड देणं इंटर्नशिपला बघितलंय, स्वतःच्या हाताने दोन-चारदाच केलंय. आमच्याकडे सोनोग्राफी नाही. सुई नेमकी कुठून घालू, स्वच्छता किती ठेवू, आणि गुडघ्याचं पाणी काढल्यावर त्याच सुईतून लगेच स्टेरॉइड दिलं तर चालेल का?

उत्तर:

चालतं, पण प्रत्येक गुडघ्यात नाही. कोणत्या गुडघ्यात चालत नाही हे मी एका रुग्णाचं नुकसान करून शिकलो, म्हणून आधी तेच सांगतो.

मी सांगलीत हाडांची प्रॅक्टिस करतो. सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णालयात नोकरीला असताना हळदीच्या पेठेत पोती उचलणारे एक हमाल आले. वय 54, मधुमेह, पूर्वी पायाच्या अंगठ्याला दोनदा गाउट येऊन गेलेला. उजवा गुडघा चार दिवसांपासून सुजलेला, गरम, हलवू देत नव्हते. अंगात ताप म्हणावा असा नव्हता, 99.4. मी 45 मिली पाणी काढलं. पिवळं, पण गढूळ. लॅबमधून फोन आला की गाउटचे सुईसारखे स्फटिक दिसतायत, पेशी 42,000, त्यातल्या 93 टक्के न्यूट्रोफिल. मला निदान मिळालं असं वाटलं. त्याच दिवशी मिथाइलप्रेडनिसोलोन 80 मिलिग्रॅम सांध्यात दिलं.

दोन दिवस ते इतके बरे होते की वॉर्डात चालत फिरले. तिसऱ्या रात्री थंडी वाजून ताप आला, चौथ्या दिवशी पाय उचलता येईना. शिरस्ता म्हणून पाठवलेल्या कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस वाढला होता. दोनदा सांधा धुवावा लागला, सहा आठवडे अँटिबायोटिक चाललं. गुडघा वाचला, पण 80 अंशांपुढे वाकला नाही आणि पोतं उचलायचं काम कायमचं सुटलं. घरात कमावणारे ते एकटेच होते. ती गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

चूक कुठे झाली ते नीट बघा. स्फटिक सापडले म्हणजे जंतू नाहीत असं होत नाही, दोन्ही एकाच सांध्यात असू शकतात. पेशी 50,000 च्या वर असल्या तर पू समजायचा हे आपण परीक्षेसाठी पाठ करतो. पण 50,000 च्या खाली आहेत म्हणून संसर्ग नाही, असं कुठल्याही आकड्यावरून म्हणता येत नाही, मधुमेही माणसात तर नाहीच. आणि स्टेरॉइडने त्यांचं दुखणं दोन दिवस झाकून टाकलं, तेच दोन दिवस मला सर्वात महाग पडले.

म्हणून पाणी काढणं ही एक गोष्ट आणि स्टेरॉइड देणं ही दुसरी, असे दोन वेगळे निर्णय धरा. मधे पाणी डोळ्यांनी बघायचं.

आता सुईकडे येऊ. तुमच्याकडे सोनोग्राफी नाही म्हणून फार काळजी करू नका. पाणी भरलेल्या गुडघ्यात शिरणं हे सगळ्यात सोपं काम आहे, अट एवढीच की पाणी खरंच सांध्यात असावं. वाटीच्या समोर, कातडीखाली चेंडूसारखी सूज असेल आणि गुडघा मोकळा हलत असेल, तर ती वाटीवरच्या पिशवीची सूज आहे. फरशी पुसणाऱ्या, गुडघे टेकून काम करणाऱ्या बायकांत ती खूप दिसते. तिच्यातून सुई सांध्यात नेऊ नका. पिशवीत जंतू असतील तर तुम्ही स्वतः ते आत पोचवाल. पाणी सांध्यातच आहे याची खात्री अशी करा: एका हाताने मांडीकडून खाली दाब देऊन वाटीच्या वरचा कप्पा रिकामा करा आणि दुसऱ्या बोटाने वाटी खाली दाबा. वाटी हाडावर टकटक आपटली की पाणी आहे.

रुग्णाला उताणं झोपवा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, म्हणजे गुडघा दहा-पंधरा अंश वाकलेला आणि सैल राहील. वाटी बाजूला हलवून बघा. हलत नसेल तर मांडी आवळलेली आहे; रुग्णाला बोलतं करा, श्वास सोडायला सांगा, थांबा. आवळलेल्या मांडीत सुई घालायला गेलात की जागा बरोबर असूनही सुई हाडाला लागते.

जागा वाटीच्या बाहेरच्या आणि वरच्या कोपऱ्याजवळ. वाटीच्या वरच्या कडेची रेघ मनात ओढा, बाहेरच्या कडेची ओढा, दोन्ही जिथे मिळतात तिथून एक सेंटिमीटर वर आणि एक सेंटिमीटर बाहेर. तिथे बोट दाबलं की मऊ लागतं. बॉलपेनचं टोपण घट्ट दाबून गोल वळ उठवा. हे औषध लावायच्या आधीच करायचं, कारण पेनाची शाई पुसली जाते, वळ राहतो. नंतर डाव्या हाताने वाटी आतल्या बाजूने बाहेर ढकला. बाहेरची कड किंचित उचलली जाते आणि खाली फट उघडते. सुई त्या फटीत, वाटीच्या मागच्या पृष्ठभागाला समांतर, आतल्या बाजूला आणि जराशी पायाकडे रोखून. बहुतेक माणसांत दोन-तीन सेंटिमीटरवर आवरण पार केल्याचा हलका झटका हाताला कळतो. सिरिंज हलकी ओढत ओढतच आत जा, म्हणजे सुई सांध्यात पोचताच पाणी दिसेल.

भूल लिग्नोकेनची, 26 नंबरच्या बारीक सुईने, कातडीत आणि खालच्या आवरणापर्यंत 2 ते 3 मिली. साध्या लिग्नोकेनचं प्रमाण किलोला 3 मिलिग्रॅमच्या आत ठेवा: 50 किलोच्या बाईला 150 मिलिग्रॅम, म्हणजे 2 टक्क्यांचं साडेसात मिली ही मर्यादा. पाणी काढायला गुलाबी, 18 नंबरची सुई. हिरव्या सुईतून घट्ट किंवा पुवाळ पाणी येत नाही आणि तुम्हाला वाटतं सांधा कोरडा आहे. सिरिंज 20 मिलीची पुरे. ती भरली की सुईचा हब आर्टरी फोर्सेपने धरून फक्त सिरिंज बदला, सुई जागची हलवू नका.

मधेच पाणी थांबलं तर बहुतेक वेळा सांध्याच्या अस्तराचा तुकडा सुईच्या तोंडावर बसलेला असतो. एक मिली पाणी परत आत ढकला, सुई थोडी फिरवा, दोन मिलिमीटर मागे घ्या, मदतनिसाला गुडघ्याच्या आतल्या बाजूने तळहात दाबायला सांगा. एवढं करूनही काही आलं नाही तर थांबा. सुई आत ठेवून इकडे तिकडे खणत बसणं म्हणजे कूर्चेवर ओरखडे काढणं.

कोरड्या गुडघ्यात, म्हणजे सूज नसताना नुसतं औषध द्यायचं असेल तेव्हा, मी बाहेरच्या बाजूने वाटीच्या मध्यावर, गुडघा सरळ ठेवून जातो. 2002 साली एक्स-रेखाली तपासून केलेल्या एका अभ्यासात या वाटेने दिलेलं औषध 93 टक्के वेळा सांध्यात पोचलं होतं; गुडघा वाकवून समोरून दिलेलं 71 ते 75 टक्केच. तुम्ही इंटर्नशिपला बसलेल्या रुग्णाला समोरून देताना बघितलं असेल, पण समोरच्या चरबीच्या गादीत औषध अडकतं आणि दुखणं वाढतं.

स्वच्छतेबद्दल थोडं सविस्तर सांगतो. सांध्यात इंजेक्शन दिल्यावर जंतुसंसर्ग होणं दुर्मीळ आहे, हजारो इंजेक्शनांत एखाद्याला. पण तो होतो तेव्हा कारण बहुतेक वेळा साधंच असतं. लिग्नोकेनच्या 30 मिलीच्या बाटलीच्या बुचात सकाळपासून सुई टोचून ठेवलेली असते आणि दिवसभर सगळे त्यातूनच ओढत असतात. ही सुई दिसली की बाटली फेकून द्या. सांध्यासाठी नवी बाटली किंवा एका वापराचं अँप्यूल घ्या. बुच स्पिरिटने पुसा, वाळू द्या, औषध ओढायची सुई वेगळी आणि टोचायची वेगळी. सकाळी जिथे गळू फोडलं त्या ड्रेसिंगच्या खोलीत दुपारी सांधा टोचू नका.

बिटाडिन लावलं की दोन मिनिटं थांबायचं, ते वाळताना काम करतं. आपल्याकडे बिटाडिन लावून लगेच स्पिरिटने पुसतात, त्यात बिटाडिनचा उपयोग निघून जातो. क्लोरहेक्झिडिन आणि अल्कोहोलचं मिश्रण असेल तर तीस सेकंद घासा आणि पूर्ण वाळू द्या. केस कापायचे असतील तर कात्रीने, ब्लेड नको. औषध लावल्यावर त्या जागेला बोट लावायचं नाही. वळ आधीच उठवलाय, त्यामुळे चाचपडायची गरज पडत नाही. तरी डाव्या हाताने वाटी धरावी लागते, म्हणून गुडघ्याला मी स्टराइल ग्लोव्हजच वापरतो.

आणि कातडी बघा, नीट उजेडात. आपल्या भागात दुखऱ्या गुडघ्याला लोक बिब्बा लावतात, रुईची पानं तापवून बांधतात, विटेचा शेक देतात. रुग्ण सांगत नाही, पण बिब्ब्याचा काळा डाग, फोड, सुटलेली कातडी दिसते. त्या कातडीतून सुई घालू नका. दुसऱ्या बाजूची, म्हणजे आतल्या बाजूची कातडी निरोगी असेल तर वाटीच्या आतल्या कडेच्या मध्यावरून जाता येतं. दोन्हीकडे फोड असतील आणि पाणी काढणं तातडीचं नसेल तर आठवडाभर थांबा. सांध्यावर सेल्युलायटिस असेल तर त्यातून सुई नकोच.

पाणी सिरिंजमध्ये आलं की खिडकीपाशी जा. सिरिंजमागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं स्वच्छ वाचता आली तर पाणी नितळ. आता सुईच्या तोंडावरून एक थेंब सोडा. झिजलेल्या गुडघ्याचं पाणी दोन-तीन सेंटिमीटर तार धरून लोंबतं. दाह असलेल्या सांध्याचं पाणी साध्या पाण्यासारखं टपकतं. या दोन खुणांना पैसे लागत नाहीत आणि लॅबच्या आधी त्या तुम्हाला निम्मं उत्तर देतात. रक्त आलं आणि वर तेलाचे थेंब तरंगत असतील तर तो आतला फ्रॅक्चर समजा, एक्स-रेत दिसत नसला तरी. सुरुवातीला पिवळं आणि मधेच रक्ताची रेघ आली तर ती तुमच्या सुईने फुटलेली बारीक शीर, तिला अर्थ नाही.

माझा नियम असा. आधीपासून झीज माहीत असलेला गुडघा, एक्स-रे बघितलेला, अंगात ताप नाही, सांधा तापलेला नाही, पाणी पिवळं नितळ आणि तार धरणारं, तर त्याच बैठकीत, त्याच सुईतून स्टेरॉइड देतो. यातली एक जरी गोष्ट चुकली तर सुई काढतो, पट्टी लावतो, कल्चरसाठी किमान 48 तास थांबतो. तोवर बर्फ, विश्रांती, पॅरासिटामॉल. गाउट वाटत असेल तर किडनी बघून कोल्चिसिन तोंडाने सुरू करता येतं, त्याला सांध्यात काही घालावं लागत नाही. निम्मं दुखणं तर पाणी काढल्यानेच उतरलेलं असतं.

नमुना कसा पाठवायचा हे तुमच्या गावाच्या अंतरामुळे महत्त्वाचं आहे. पेशी मोजायला जांभळ्या बुचाची ट्यूब. साध्या ट्यूबमध्ये दाहाचं पाणी गोठतं आणि आकडा खोटा येतो. कल्चरसाठी पाच-दहा मिली सरळ ब्लड कल्चरच्या बाटलीत, तिथेच पलंगाजवळ, बाटलीचं बुच पुसून. फ्रिजमध्ये ठेवू नका. एक थेंब काचेवर पसरवून ग्रॅम स्टेनसाठी ठेवा, पण त्यात जंतू दिसले नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका, पुवाळ सांध्यातही निम्म्याहून अधिक वेळा तो रिकामा असू शकतो. जतहून मिरजेला नमुना पोचायला दोन तास लागतात, तेवढ्यात पेशी टिकतात. संध्याकाळी काढून सकाळच्या गाडीने पाठवलेल्या नमुन्यात आकडा घसरलेला असतो. पू वाटला तर नमुना घेतल्यावरच अँटिबायोटिकचा पहिला डोस द्या आणि त्याच दिवशी रुग्ण पुढे पाठवा. नमुना न घेता डोस दिला की पुढचे सगळे डॉक्टर अंधारात काम करतात.

एक गुडघा असाही भेटेल की जो महिनोन् महिने सुजलेला आहे, फार गरम नाही, मांडी मात्र बारीक झालीय, पाणी गढूळ आणि पेशींत लिम्फोसाइट जास्त. तो क्षयाचा असू शकतो. त्याचं पाणी सीबीनॅटला पाठवा, आणि शंका राहिली तर अस्तराचा तुकडा तपासायला रुग्ण पुढे पाठवा. अशा गुडघ्यात स्टेरॉइड दिलं की महिनाभर आराम पडतो आणि तेवढ्यात कूर्चा जाते.

औषध गुडघ्यासाठी ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन, 40 मिलिग्रॅम पुरे. त्या हमालांना मी घाबरून 80 दिलं होतं. आज मला त्याची गरज वाटत नाही. बाटली हलवून पांढरं दूध एकसारखं करा, 1 टक्का लिग्नोकेनचे तीन-चार मिली त्यात घ्या. सिरिंजमध्ये गुठळ्या किंवा दह्यासारखे कण दिसले तर ती सिरिंज टाकून द्या. दोन औषधांतली टिकवणारी रसायनं जुळली नाहीत की तसं होतं. ढकलताना अडथळा लागता कामा नये. अंगठ्याला जोर द्यावा लागतोय म्हणजे सुई चरबीत, कंडरेत किंवा कूर्चेत आहे. मागे घ्या, जोर करू नका.

खांद्यात पाणी सहसा मिळत नाही, म्हणजे गुडघ्यात जो इशारा मिळतो तो इथे मिळत नाही. खांद्यात तेच काम एक्स-रेने करायचं. तासगावकडच्या एक शिक्षिका, वय 47, मधुमेही, जखडलेला खांदा म्हणून दुसरीकडे दोन इंजेक्शनं घेऊन माझ्याकडे आल्या. प्रत्येक वेळी तीन आठवडे बरं, मग जास्त. पदर सरकवून दोन्ही खांदे शेजारी बघितले तर डावीकडचा गोलावा गेलेला, डेल्टॉइड स्नायू सुकून हाड उठून दिसत होतं. एक्स-रेत खांद्याच्या गोळ्याला वरून खाच पडलेली. तुकडा तपासला, क्षय निघाला. खांद्याचा क्षय पुष्कळदा असा कोरडाच असतो, पू नाही, सूज नाही, नुसता जखडलेपणा. एकही एक्स-रे न काढता दोन स्टेरॉइड दिली गेली होती. म्हणून खांद्यात सुई घालण्याआधी एक्स-रे आणि दोन्ही खांदे उघडे करून बघणं, हे मी सोडत नाही.

जागा कोणती हे तपासणीतून ठरवा. कोपर कमरेला लावून तुम्ही स्वतः रुग्णाचा हात बाहेर फिरवा. तुमच्या हातानेही फिरत नसेल आणि एक्स-रे स्वच्छ असेल तर तो जखडलेला खांदा, औषध सांध्यात. तुम्ही फिरवल्यावर पूर्ण फिरतो पण रुग्ण स्वतः हात उचलताना मधल्या टप्प्यात कळ येते, तर दुखणं खांद्याच्या छताखालच्या पिशवीत, औषध तिथे. हात उचलायची ताकदच नसेल तर कंडरा फाटलेली असू शकते, तिथे सुई नको, पुढे पाठवा.

सांध्यात मी नेहमी मागून जातो, पुढच्या नसा आणि रक्तवाहिन्या लांब राहतात. रुग्णाला स्टुलावर बसवा, दुखऱ्या बाजूचा हात मांडीवर ठेवून तळवा पोटाशी. पाठीमागे उभे राहा. खांद्याच्या छताचं मागचं-बाहेरचं टोक बोटाने शोधा. लठ्ठ माणसातही ते सापडतं, पाठीच्या फऱ्याच्या आडव्या कण्यावरून बोट बाहेर सरकवत न्यायचं, कणा जिथे पुढे वळतो ते टोक. अंगठा त्यावर, आणि तर्जनी पुढून कोराकॉइडवर, म्हणजे गळपट्टीच्या हाडाखाली बाहेरच्या बाजूला जो टणक उंचवटा लागतो त्यावर. अंगठ्यापासून दोन सेंटिमीटर खाली आणि एक सेंटिमीटर आत ही जागा. टोपणाने वळ उठवा, स्वच्छता करा, आणि सुई तर्जनीकडे रोखा. हिरवी किंवा काळी सुई, दीड इंची, बहुतेकांना पूर्ण आत जाते. जाड खांद्याला साडेतीन इंची स्पायनल सुई हाताशी ठेवा, नाहीतर सगळं औषध स्नायूतच राहतं. हाड लागलं तर काही मिलिमीटर मागे घेऊन जरा आत वळवा. दोन सेंटिमीटरपेक्षा फार खाली जाऊ नका, तिथे अॅक्सिलरी नस आहे. ओढून रक्त येत नाही हे बघा, 40 मिलिग्रॅम आणि 1 टक्का लिग्नोकेनचे चार-पाच मिली, अडथळ्याशिवाय.

छताखालच्या पिशवीसाठी तेच टोक धरून त्याच्या एक-दोन सेंटिमीटर खालच्या मऊ फटीतून, सुई छताच्या खालून पुढे आणि किंचित वर. अडथळा लागला तर सुई कंडरेत आहे, जोर करून औषध ढकललं तर ती कंडरा कमजोर होते.

बोटाने जागा शोधून दिलेलं खांद्याचं इंजेक्शन अनुभवी हातातूनही कधी कधी सांध्याबाहेर पडतं. म्हणून लगेच उठवू नका. दहा मिनिटांनी हात पुन्हा फिरवून बघा. लिग्नोकेनने कळ कमी झाली असेल तर औषध जागेवर पोचलंय, तसं केसपेपरवर लिहा. काही फरक नसेल तर एकतर औषध बाहेर पडलं किंवा दुखण्याचं मूळ दुसरीकडे, मानेत आहे. तेच इंजेक्शन पुन्हा देण्याआधी मान तपासा.

आता बिघडलेलं ओळखणं. पहिल्या रात्रीच दुखणं वाढलं, सांधा जरा सुजला आणि दोन-तीन दिवसांत उतरला, तर ती स्टेरॉइडच्या कणांची प्रतिक्रिया. बर्फ आणि पॅरासिटामॉल पुरे. आधी बरं वाटून तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं चढायला लागलं आणि रोज वाढत गेलं, तर ताप असो वा नसो, पुन्हा सुई घालून पाणी काढा. माझ्या त्या हमालांचं नेमकं असंच झालं होतं. प्रत्येक रुग्णाला मी हे दोन प्रकार सांगतो, आणि घरात जो फोन उचलतो त्यालाही. "उद्या दुखलं तर चालेल, परवा-तेरवा वाढलं तर माझ्याकडे यायचं" एवढं वाक्य त्यांना पाठ होतं.

मधुमेह्यांची साखर त्याच दिवसापासून वाढते आणि आठवडाभर चढी राहू शकते. इन्सुलिनवर असलेल्यांना रोज दोनदा मोजायला सांगा. साखर 300 च्या पुढे असेल तर मी इंजेक्शन लांबवतो. एआरटी घेणाऱ्याची गोळी कोणती ते विचारा. रिटोनाविर असेल तर ट्रायमसिनोलोन शरीरातून निघत नाही आणि एका इंजेक्शनानेही चेहरा सुजून कुशिंग होऊ शकतं. कातडीत औषध सांडलं तर पांढरा डाग आणि खड्डा पडतो, आपल्या सावळ्या रंगावर तो ठळक दिसतो. सुई बाहेर काढताना मागे अर्धा मिली लिग्नोकेन सोडलं तर ते टळतं. चेहरा एक-दोन दिवस लाल होणं निरुपद्रवी, पण आधी सांगितलं नाही तर रुग्ण घाबरून येतो.

एकाच सांध्यात तीन महिन्यांच्या आत पुन्हा नको. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दर तीन महिन्यांनी 40 मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन दोन वर्षं गुडघ्यात दिलं. कूर्चा सलाइन दिलेल्यांपेक्षा जास्त झिजली आणि दुखण्यात फरक नव्हता. ऊसतोड संपली की दरवर्षी "डॉक्टर, ते इंजेक्शन द्या, पुढच्या हंगामापर्यंत चालतंय" म्हणत लोक येतात. वर्षाला एक देतो. दर तिमाहीला मागायला आले तर एक्स-रे पुन्हा काढून सांधाबदलीबद्दल बोलतो. आणि सांधाबदल तीन महिन्यांत ठरली असेल तर त्या गुडघ्यात स्टेरॉइड देत नाही, शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. कृत्रिम सांधा बसवलेला गुडघा सुजून आला तर पाणीसुद्धा तुम्ही काढू नका, अँटिबायोटिकही देऊ नका. ज्यांनी सांधा बसवला त्यांच्याकडे, नाहीतर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्याच दिवशी पाठवा. ताप चढून रक्तदाब उतरलेला असेल तर मात्र ब्लड कल्चर घेऊन पहिला डोस तुम्हीच द्या आणि चिठ्ठीवर वेळ लिहा.